मित्राला गुपित सांगताना: संशयाचा सूर न लागू देता विनंती कशी करावी

खासगी गोष्ट मित्राला सांगताना बहुतेक जणांचा क्रम उलटा असतो. आधी गोष्ट सांगून मोकळे होतात, मग एकदम भान येते आणि घाईघाईने म्हणतात, "पण हे कुणाला बोलू नकोस हं. नाही ना बोलणार?" यात दोन चुका एकदम होतात. मित्राला नाही म्हणण्याची संधी न देताच त्याच्यावर जबाबदारी येऊन पडते आणि त्या शेवटच्या प्रश्नातून त्याला कळते की आपल्यावर पुरता भरवसा नाही.

मित्राविषयीची शंका ही त्याला भेटण्याआधी, एकट्याने विचार करून मिटवायची असते. ती मिटत नसेल तर गोष्ट सांगायचीच नाही. ती मिटली असेल तर बोलताना फक्त गोष्टीची हद्द सांगायची उरते, आणि हद्द सांगताना कोणाचाही अपमान होत नाही. पुढचे सर्व टप्पे याच क्रमावर उभे आहेत.

उदाहरणासाठी एकच प्रसंग शेवटपर्यंत घेऊ. तुम्ही नोकरी सोडण्याचे ठरवले आहे. नव्या ठिकाणाहून तोंडी होकार मिळाला आहे, पण नेमणुकीचे पत्र हाती आलेले नाही, म्हणून राजीनामाही दिलेला नाही. ज्याला सांगायचे आहे तो जवळचा मित्र तुमच्याच विभागात काम करतो आणि दोघांच्या घरच्यांचीही आपसांत चांगली ओळख आहे. वरिष्ठांना ही बातमी तुमच्याआधी दुसऱ्या कोणाकडून कळली तर तुमची अडचण होणार, हे उघड आहे.

## टप्पा १: याच मित्राला का सांगायचे, ते ठरवा

पहिला प्रश्न त्याच्या सवयीचा आहे. तो मित्र तुमच्याशी इतरांविषयी कसा बोलतो, हे आठवून पाहा. "मी सांगितलं म्हणून सांगू नकोस" अशी सुरुवात करून तो दुसऱ्यांच्या खासगी गोष्टी तुम्हाला सांगत असेल, तर तुमचीही गोष्ट त्याच वाटेने जाईल असे धरून चाला. यात त्याचा वाईट हेतू असेलच असे नाही. काही माणसांसाठी अशा गोष्टी सांगणे हीच जवळीक असते आणि कितीही बजावले तरी ती बदलत नाहीत. अशा मित्राला पत्र हाती येईपर्यंत काही न सांगणे हेच मैत्रीच्या हिताचे असते.

दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे: ही गोष्ट माहीत असल्यामुळे मित्र स्वतः अडचणीत येईल का? आपल्या प्रसंगात वरिष्ठ पुढच्या तिमाहीचे नियोजन करायला बसतील, तेव्हा या मित्रालाच विचारतील की कोणते काम कोणाकडे द्यायचे. तुम्ही जाणार हे माहीत असूनही त्याला तुमचे नाव यादीत येऊ द्यावे लागेल आणि नंतर, "तुला माहीत होतं ना?" हा प्रश्न त्याला झेलावा लागेल. असे नियोजन तोंडावर आले असेल तर ते होऊन जाईपर्यंत थांबावे. थांबणे शक्य नसेल, तर त्याला निदान या अडचणीची स्पष्ट कल्पना देण्याची तयारी ठेवावी.

इशारा: मित्राची परीक्षा घेण्यासाठी आधी एखादे खोटे किंवा किरकोळ गुपित सांगून ते फुटते का, हे पाहू नका. किरकोळ गोष्ट लोक किरकोळ म्हणूनच हाताळतात, त्यामुळे त्यातून काही सिद्ध होत नाही. हा प्रकार त्याला कळला तर मात्र ती जखम लवकर भरत नाही.

इशारा: गप्प राहिल्याने कोणाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका होणार असेल, तर कोणत्याही मित्राकडून मौनाची अपेक्षा ठेवता येत नाही. तिथे हा लेख लागू नाही.

पडताळा: "त्याला चांगलं बजावून सांगेन" असे वाक्य मनात येत असेल, तर तुमचा निर्णय अजून झालेला नाही. पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा २: गुपिताची हद्द आखा

सँड्रा पेट्रोनियो या अमेरिकन संवाद-अभ्यासक आहेत. खासगी माहिती लोक कशी सांभाळतात, याविषयी त्यांनी मांडलेल्या सिद्धान्तातला एक विचार इथे थेट उपयोगी पडतो. माहिती सांगितली की ऐकणारा तिचा सहमालक होतो, आणि ती पुढे कशी वापरायची याचे नियम दोघांनी उघडपणे ठरवले नसतील, तर प्रत्येक जण आपापल्या समजुतीप्रमाणे वागतो. बऱ्याच गोष्टी फुटतात त्या अशा समजुतीच्या फरकाने. मित्राला प्रामाणिकपणे वाटते की घरी सांगायला हरकत नसावी, किंवा दुसऱ्या जवळच्या मित्राला तर माहीत असणारच.

म्हणून बोलण्याआधी तीन गोष्टींची उत्तरे स्वतःजवळ तयार ठेवा.

पहिली, आतापर्यंत कोणाकोणाला माहीत आहे. याचे उत्तर नेमके हवे. ज्यांना माहीत आहे त्यांची नावे मित्राला कळली नाहीत, तर तो त्यांच्यासमोर उगाच अवघडून वागेल किंवा ज्याला माहीत नाही त्याच्यासमोर मोकळेपणाने बोलून जाईल.

दुसरी, नेमका कोणता भाग झाकायचा आहे. नोकरी बदलण्याचा विचार, नव्या ठिकाणाचे नाव, पगार आणि सोडण्यामागचे कारण या चार वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही दुसरी नोकरी शोधत आहात हे विभागात सर्वांना माहीत असेल, तर त्यावर पडदा टाकण्याची विनंती हास्यास्पद ठरेल. झाकायचे ते फक्त होकार आल्याचे. हद्द जेवढी लहान तेवढी पाळायला सोपी.

तिसरी गोष्ट मुदतीची. "इतक्यात नको" ही मुदत होत नाही. गुपित कोणत्या घटनेनंतर मोकळे होईल, ते ठरवा. आपल्या प्रसंगात ती घटना म्हणजे तुम्ही वरिष्ठांना प्रत्यक्ष भेटून सांगणे. राजीनामा लिहिला की गुपित संपले, असे नव्हे, कारण लिहिणे आणि वरिष्ठांना कळणे यांत दोन-तीन दिवस सहज जातात आणि गोंधळ नेमका त्याच दिवसांत होतो.

घरच्या माणसांचा प्रश्न या टप्प्यातच सोडवा. पुष्कळ जोडप्यांत एकाला सांगितलेले दुसऱ्याला कळतेच, आणि त्यात त्यांना वावगे वाटत नाही. मित्राने पत्नीपासूनही लपवावे अशी तुमची अपेक्षा असेल, तर ती मोठी मागणी आहे हे ओळखा. शक्य असेल तर ती करूच नका आणि त्यांना सांगण्याची मोकळीक आपणहून द्या.

पडताळा: तिन्ही उत्तरे तीन छोट्या वाक्यांत सांगता येतात का? येत नसतील तर मित्रालाही ती पाळता येणार नाहीत.

## टप्पा ३: वेळ आणि माध्यम निवडा

प्रत्यक्ष भेट सर्वांत चांगली, ते जमत नसेल तर फोन. लेखी संदेश टाळावा. यात मित्राच्या विश्वासार्हतेचा प्रश्नच नाही. कुलूपबंद फोनच्या पडद्यावरही संदेशाच्या पहिल्या ओळी दिसू शकतात, आणि तेव्हा तो फोन बैठकीच्या टेबलावर असू शकतो.

काही जण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितात आणि खबरदारी म्हणून आपोआप नाहीसे होणाऱ्या मेसेजची सोय चालू करतात. तिथे 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवस अशी मुदत निवडता येते. मात्र ही सोय चालू केली की तशी नोंद त्या संवादातच दिसते. वर्षानुवर्षे मोकळेपणाने चाललेल्या गप्पांमध्ये अशी नोंद अचानक उमटली, तर तुम्ही तोंडाने काहीही म्हटले तरी मित्र जे समजायचे ते समजतो. पाठवलेला मेसेज सर्वांसाठी पुसला तरी पुसल्याची खूण मागे राहते. म्हणून मेसेज एवढाच करावा: "संध्याकाळी दहा मिनिटं बोलायचं आहे, काळजीचं काही नाही." शेवटचे तीन शब्द विसरू नका, नाहीतर त्याचा सगळा दिवस तर्क करण्यात जाईल.

तो घाईत असताना, चारचौघांत किंवा दुसऱ्या कुठल्या वादाच्या मध्येच विषय काढू नका. दबक्या आवाजात, इकडेतिकडे पाहत सांगितलेली साधी गोष्टही भलतीच मोठी वाटते, आणि मोठी वाटलेली गोष्ट पोटात ठेवणे जड जाते.

## टप्पा ४: सांगण्याआधी विचारा

गोष्ट ऐकण्याआधी मित्राला नकाराचा खरा पर्याय मिळाला पाहिजे. त्यासाठी विषय उघड न करता ओझ्याची कल्पना द्यावी लागते: गोष्ट किती दिवस ठेवायची आहे आणि कोणापासून.

"तुझ्याशी एक बोलायचं आहे. दोन-तीन आठवडे ते ऑफिसमध्ये कुणाला कळू नये असं आहे. घरी बोलायला हरकत नाही. ऐकायला आवडेल का? आत्ता नको असेल तरी काही बिघडत नाही."

या पाच वाक्यांत मित्राला निर्णयासाठी लागणारे सगळे आहे. तो म्हणू शकतो, "ऑफिसचं असेल तर मला आत्ता नको सांगूस, पुढच्या आठवड्यात नियोजनाची बैठक आहे." हे उत्तर आले तर ते मनापासून स्वीकारा, कारण विचारू नका आणि विषय बदला. आपली मर्यादा आधीच सांगणाऱ्या मित्राने तुमचेच काम सोपे केलेले असते.

इशारा: "एक भारी बातमी आहे, पण तुला सांगू की नको कळत नाही" असे म्हणून उत्सुकता वाढवणे म्हणजे परवानगी मागणे नव्हे. यानंतर कोणीच नाही म्हणू शकत नाही.

## टप्पा ५: गोष्ट आणि विनंती एकत्र सांगा

आता गोष्ट सरळ सांगा आणि तिच्या पाठोपाठ हद्द सांगा. दोन्हींच्या मध्ये अर्ध्या तासाच्या गप्पा नकोत. आपल्या प्रसंगातले बोलणे साधारण असे होईल:

"मी नोकरी सोडतोय. दुसरीकडून होकार आलाय, पण पत्र अजून हातात नाही, त्यामुळे साहेबांना काही बोललेलो नाही. त्यांनी मला इतकी वर्षं सांभाळून घेतलंय, त्यांना हे माझ्याच तोंडून कळावं असं मला वाटतं. सध्या फक्त माझ्या बायकोला माहीत आहे, ऑफिसमध्ये कुणालाच नाही. वहिनींना सांगायचं की नाही, ते तू ठरव. पत्र आलं की मी साहेबांना भेटेन आणि भेटून आलो की तुला सांगेन. तोवर ऑफिसमध्ये हे आपल्यातच राहू दे."

इथे प्रत्येक वाक्य कोणाविषयी आहे, ते पाहण्यासारखे आहे. कारण सांगणारे वाक्य साहेबांविषयी आहे, माहीत असणाऱ्यांचे वाक्य परिस्थितीविषयी आणि मुदतीचे वाक्य तुमच्या पुढच्या कृतीविषयी. मित्र काय करील, काय करणार नाही, याविषयी एकही वाक्य नाही. संशय नेमका तिथूनच डोकावतो, म्हणून ती जागा मोकळी ठेवायची. "तू कुणाला सांगू नकोस" आणि "हे आपल्यातच राहू दे" यांतून मागणी एकच होते, पण पहिल्यात बोट मित्राकडे आहे आणि दुसऱ्यात तो तुमच्या बाजूला उभा आहे.

"वहिनींना सांगायचं की नाही, ते तू ठरव" हे वाक्य मला या सगळ्यात सर्वांत मोलाचे वाटते. विश्वास आहे असे म्हणण्याऐवजी त्यात प्रत्यक्ष एक निर्णय मित्राच्या हाती दिलेला आहे. अशी एखादी तरी बाब त्याच्या तारतम्यावर सोडता येते का, ते प्रत्येक वेळी शोधावे, आणि सोडल्यावर त्याने काय ठरवले याची चौकशी करू नये.

आता टाळायच्या गोष्टी. शपथ घालू नका. ज्याच्या शब्दावर भरवसा आहे त्याच्याकडून शपथ मागायची नसते, हे मित्रालाही कळते. मागे कधी काही फुटले असेल तर त्याची आठवण काढू नका. ते टप्पा १ मध्ये विचारात घेऊन झालेले आहे. "आता पेपरात छापून आणू नकोस म्हणजे झालं" असे हसत म्हणणेही नको, कारण थट्टेतून आलेला संशय मित्राला उघडपणे खोडताही येत नाही.

"तुझ्यावर विश्वास ठेवून सांगतोय" हे वाक्य अनेकांना चांगले वाटते, पण त्यात न बोललेली एक पुरवणी असते: तो मोडलास तर बघ. "तुझ्याशिवाय कुणालाच सांगितलेलं नाही" हे तर बहुधा खरेही नसते, आणि बायकोला आधीच माहीत होते हे नंतर कळले की मित्राला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते.

एखाद्या व्यक्तीचे नाव घेणे खरोखर आवश्यक असेल, तर कारण त्या व्यक्तीच्या कामाशी जोडा. "तू त्याच्याशी फार बोलतोस, त्याला कळू देऊ नकोस" असे म्हणू नका. त्याऐवजी म्हणा, "मनुष्यबळ विभागाच्या लोकांना कळलं तर त्यांना ते वर कळवावंच लागेल, म्हणून त्यांच्यापर्यंत जायला नको." यात नाव आले, पण मित्राच्या सवयीवर बोट आले नाही.

पडताळा: विनंती एकदाच झाली का? मित्र "हो" किंवा "बरं" म्हणाला की विषय पुढे न्या: नवे काम काय आहे, तुम्हाला कशाची धाकधूक आहे, त्याचे मत काय. ज्यासाठी त्याला सांगितले ते आता बोला. निघताना दारात पुन्हा "लक्षात आहे ना?" असे म्हणाल, तर आधीची सगळी काळजी वाया जाईल.

## टप्पा ६: कोणी थेट विचारले तर काय, ते ठरवून ठेवा

हा टप्पा वगळला जातो, आणि चांगले मित्र इथेच अडचणीत येतात. सहकारी सहज विचारतो, "हा सोडून चाललाय म्हणे?" मित्राला खोटे बोलणे जमत नाही, तो अडखळतो आणि त्या अडखळण्यातूनच गोष्ट षट्कर्णी होते.

"मला काही सांगता येणार नाही" हे उत्तर म्हणजे जवळजवळ होकारच. मित्र एरवी जसे उत्तर देतो तसेच याही वेळी द्यायला हवे. त्याची पद्धत "मला काय विचारतोस, त्यालाच विचार" अशी असेल तर तेच उत्तर चालेल. एरवी तो सर्वांविषयी भरभरून बोलत असेल तर हेच उत्तर संशयास्पद ठरेल, आणि मग विषयावरून विषय काढणे त्याला अधिक सोपे जाईल. काय सोयीचे पडेल ते त्यालाच विचारा आणि एक गोष्ट स्पष्ट सांगा: "माझ्यासाठी खोटं बोलायची वेळ आली तर बोलू नकोस. सरळ मला फोन कर, मी त्याच दिवशी साहेबांना भेटतो."

हे वाक्य म्हणायचे तर तशी तयारीही हवी. मित्राला खोट्यात ओढण्यापेक्षा पत्र येण्याआधी वरिष्ठांना भेटण्याची जोखीम घेणे तुम्हाला जमणार आहे का, याचा विचार आधी करा. जमणार नसेल तर हे आश्वासन देऊ नका आणि शक्यतो गोष्टही आत्ता सांगू नका.

## टप्पा ७: सांगून झाल्यावर स्वस्थ राहा

आठवण करून देणारे मेसेज नकोत, आडून चौकशी नको, आणि तिसऱ्या माणसाला "तुझ्या कानावर काही आलं का?" असे विचारणे तर नकोच. दोन सहकारी कुजबुजताना दिसले म्हणून मित्राकडे रोखून पाहणेही त्यातच आले.

परिस्थिती बदलली तर मात्र जरूर कळवा. पत्र आठवडाभर लांबले, तर "पत्र पुढच्या आठवड्यात येतंय, म्हणजे साहेबांना भेटणंही तेव्हाच" एवढे सांगा. यातून मुदत वाढल्याचे त्याला आपोआप कळते आणि बजावल्यासारखेही होत नाही. हे कळवले नाही, तर सांगितलेले तीन आठवडे उलटल्यावर गोष्ट मोकळी झाली असे तो समजेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

## टप्पा ८: गोष्ट बाहेर फुटली तर

आधी वरिष्ठांना भेटा. कोणी सांगितले याचा शोध त्यानंतर.

शोध घेताना स्वतःपासून सुरुवात करा. चौकशीसाठी नव्या ठिकाणाहून जुन्या कार्यालयात फोन आला असेल, तुम्ही लागोपाठ रजा घेतल्या असतील, छपाई यंत्रावर कागद राहिला असेल. मित्राशी बोलायचे तर "तू बोललास का?" असे न विचारता म्हणावे, "गोष्ट साहेबांपर्यंत पोचली आहे, मी त्यांना भेटलोय. कुठून गेली असेल, तुला काही अंदाज येतोय का?" त्याच्याकडून चुकून गेली असेल तर हे वाक्य त्याला ते सांगायला वाट देते. गेली नसेल तर तो तुमच्याबरोबर विचार करायला बसतो.

त्याने कबूल केले, तर कोणता भाग, कोणाला आणि कोणत्या समजुतीने सांगितला एवढे जाणून घ्या. "वहिनींना सांगायला हरकत नाही" म्हटले होते आणि गोष्ट तिथून पुढे गेली असेल, तर हद्द आखण्यात तुमचीच उणीव होती. ती मान्य करा.

## टप्पा ९: गुपित मोकळे झाल्याचे सांगा

वरिष्ठांना भेटून बाहेर आलात की पहिला फोन मित्राला करा. त्याला हे विभागातल्या गप्पांतून कळू नये, कारण तोपर्यंत तो विचारणाऱ्यांसमोर सांभाळून बोलत राहतो आणि सर्वांना माहीत असलेली गोष्ट लपवणारा तो एकटाच उरतो.

याच फोनवर आणखी एक ठरवा: त्याला आधीपासून माहीत होते, हे इतरांना कळू द्यायचे का? बाकीच्या सहकाऱ्यांना त्याचे वाईट वाटू शकते आणि वरिष्ठही त्याला जाब विचारू शकतात. निर्णय त्याच्या सोयीने व्हावा, कारण झळ त्याला बसणार आहे. तो म्हणाला, "मला माहीत होतं हे सांगू नकोस," तर आता पोटात ठेवण्याची पाळी तुमची, आणि त्याच्या या विनंतीची मुदत काय, हेही त्याला तेव्हाच विचारून घ्या.